विराटाला कंक माहीत होता, युधिष्ठिर नव्हता

विराटपर्वातला एक प्रसंग बहुतेकांनी लहानपणी ऐकलेला असतो. कौरवांनी विराट राजाच्या गायी पळवल्या आणि राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून त्यांच्यावर चालून गेला. इकडे राजवाड्यात विराट कंकाबरोबर द्यूत खेळत बसला होता. विजयाची वार्ता आली, तसा राजा मुलाचं कौतुक करू लागला. कंक मात्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की बृहन्नडा सारथी असल्यावर विजय व्हायचाच. राजाचा संताप अनावर झाला आणि त्याने हातातला फासा कंकाच्या तोंडावर फेकला. कंकाच्या नाकातून रक्त आलं. ते जमिनीवर पडू नये म्हणून त्याने ओंजळीत धरलं आणि जवळच असलेल्या सैरंध्रीने पाण्याचं पात्र पुढे केलं.

कंक म्हणजेच अज्ञातवासातला युधिष्ठिर, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, राजाला नसतं. याच प्रसंगात दोन साधी वाक्यं दडलेली आहेत आणि तर्कशास्त्रातला एक फार जुना, अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न त्यांच्यातून समोर येतो.

पहिलं वाक्य : विराटाने कंकाला फासा फेकून मारला. हे खरं. कंक हाच युधिष्ठिर असल्यामुळे विराटाने युधिष्ठिराला फासा फेकून मारला, हेही तितकंच खरं. राजाला याची कल्पना नव्हती, पण त्यामुळे घटनेत फरक पडत नाही. महाभारतकाराने तर यावरच प्रसंग ताणून धरला आहे. युद्धाशिवाय जो कोणी युधिष्ठिराचं रक्त सांडेल त्याला जिवंत सोडायचं नाही, असं अर्जुनाचं व्रत होतं. म्हणून युधिष्ठिर द्वारपालाला हळूच सांगतो की उत्तराला एकट्यालाच आत सोड, बृहन्नडेला थांबव. राजाला मी युधिष्ठिर वाटलो नव्हतो, ही सबब अर्जुनापुढे चालली नसती. रक्त सांडलं होतं ते युधिष्ठिराचंच.

दुसरं वाक्य : कंक हा द्यूतात निष्णात असलेला ब्राह्मण आहे, असं विराटाला वाटत होतं. हेही खरं. आता इथे नाव बदलून पाहावं. युधिष्ठिर हा द्यूतात निष्णात असलेला ब्राह्मण आहे, असं विराटाला वाटत होतं. हे वाक्य ऐकताच खटकतं. युधिष्ठिर म्हणजे पांडवांचा थोरला, कुरुकुळातला क्षत्रिय, एवढं विराटाला नक्कीच माहीत होतं. त्याला कोणी विचारलं असतं की युधिष्ठिर ब्राह्मण आहे काय, तर त्याने विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

माणूस एकच, नावं दोन, बदल दोन्हीकडे सारखाच. एका वाक्याला तो मानवला आणि दुसऱ्याचं सत्य त्याने घालवलं. असं का व्हावं?

हा बदल करण्याचा अधिकार कुठून येतो, ते आधी पाहायला हवं. गणितात तो अधिकार सगळेच जण रोज वापरतात. क्ष बरोबर पाच असेल, तर समीकरणात जिथे क्ष आहे तिथे पाच ठेवायचे. उत्तर बिघडत नाही. सतराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझ याने हा नियम सगळ्याच पदांसाठी मांडला. ज्या दोन पदांपैकी एकाच्या जागी दुसरं ठेवलं तरी वाक्याचं सत्य अबाधित राहतं, ती पदं एकच, असं त्याचं सूत्र होतं. पुढे तर्कशास्त्रात तो नियम उलट्या बाजूनेही रूढ झाला : अ आणि ब एकच असतील, तर अ विषयीच्या कोणत्याही खऱ्या वाक्यात अ च्या जागी ब ठेवावा, वाक्य खरंच राहील. समानपदांच्या अदलाबदलीचा नियम म्हणतात तो हाच.

आणि हा नियम डळमळायला महाभारतातला वेषांतर केलेला राजाच हवा असं नाही. पाढे चुकणारं कोणतंही मूल पुरतं. मुलाला वाटतं, सात आठे चोपन्न. सात आठे म्हणजे छप्पन्न. म्हणजे नियम लावला तर त्या मुलाला वाटतं की छप्पन्न म्हणजे चोपन्न! पण असं कोणत्याच मुलाला वाटत नाही. ते मूल पाढ्यात चुकलंय; छप्पन्न आणि चोपन्न हे वेगळे आकडे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ज्या गणितात हा नियम सर्वांत भक्कम, त्याच गणिताची वाक्यं 'मुलाला वाटतं की' या शब्दांच्या आत गेली की नियम निकामी होतो.

ग्रीकांनी ही अडचण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच ओळखली होती. मिलेटसच्या युबुलिडीस याच्या नावावर जी कोडी सांगतात, त्यांत बुरखा घातलेल्या माणसाचं एक आहे. बुरखा घेतलेल्या या माणसाला तू ओळखतोस का? नाही. हा तुझा बाप आहे. म्हणजे तू आपल्या बापाला ओळखत नाहीस! गंमत म्हणून दोन हजार वर्षं हे कोडं सांगितलं गेलं. त्याच्यामागे भाषेविषयीचा गंभीर प्रश्न आहे, हे नेमकेपणाने दाखवून दिलं ते जर्मनीतल्या येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गॉटलोब फ्रेग याने, १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात.

फ्रेगने सुरुवात याहून साध्या ठिकाणी केली. पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा, हे सांगून कोणाच्याच ज्ञानात भर पडत नाही. पहाटेचा तारा म्हणजे संध्याकाळचा तारा, हे मात्र एके काळी माणसाला आकाश निरखून निरखून शोधावं लागलं. शुक्र काही महिने सूर्योदयाआधी पूर्वेला दिसतो, मग सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो आणि पुढे काही महिने सूर्यास्तानंतर पश्चिमेला झळकतो. दोन्ही वेळी तो एकाच रात्री दोन्हीकडे ठळक दिसत नाही, मधल्या काळात तो नाहीसाच होतो. त्यामुळे हे दोन वेगळे तारे आहेत असं कोणाला वाटलं तर नवल नाही. आता दोन्ही नावांचं काम फक्त त्या ग्रहाकडे बोट दाखवण्याचं असतं, तर वरची दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगणारी ठरली असती. तशी ती नाहीत.

मराठी वाचकाला याचा अनुभव घरबसल्या आहे, कारण मराठी कविता टोपणनावांनी भरलेली आहे. 'जोगवा' हा आरती प्रभूंचा कवितासंग्रह आहे, एवढं वाचून माहीत असलेला विद्यार्थी 'एक शून्य बाजीराव' हे चिं. त्र्यं. खानोलकरांचं नाटक आहे हेही सांगू शकतो, आणि तरी 'खानोलकरांचा कवितासंग्रह कोणता?' या प्रश्नाला गप्प बसतो. आरती प्रभू म्हणजेच खानोलकर हे कळलं की त्याला काहीतरी नवं कळतं. नवा माणूस कळत नाही, दोन्ही माणसं तर त्याला माहीतच होती. मग नवं काय कळतं?

फ्रेगचं उत्तर असं. नावाला दोन अंगं असतात. नाव ज्या वस्तूला उद्देशून असतं ती वस्तू, हे एक. ती वस्तू ज्या रीतीने आपल्यासमोर येते ती रीत, हे दुसरं. तिला तो नावाचा आशय म्हणतो. कंक आणि युधिष्ठिर ही नावं एकाच माणसाची, पण विराटाकडे हा माणूस दोन वाटांनी पोचला होता. एकदा दरबारात नोकरी मागायला आलेला द्यूतकुशल ब्राह्मण म्हणून, आणि एकदा ऐकीव माहितीतून, इंद्रप्रस्थाचा राजा म्हणून. या दोन वाटा एकाच माणसापाशी मिळतात, तेवढंच त्याला माहीत नव्हतं.

याच्या पुढची फ्रेगची चाल खरी धाडसाची आहे. नेहमीच्या वाक्यात नाव वस्तूविषयी बोलतं, पण 'अमक्याला वाटतं की' या शब्दांपुढे आलेलं नाव आपल्या आशयाविषयी बोलतं, असं तो म्हणतो. विराटाच्या समजुतीबद्दलच्या वाक्यात 'कंक' हा शब्द त्या माणसाचं नाव राहत नाही. विराटाने त्या माणसाला ज्या रूपात ओळखलं होतं, त्या रूपाचं तो नाव होतो. हे मान्य केलं, तर नियमाचा भंग झालाच नाही असं म्हणता येतं. नियम सांगतो की एकाच गोष्टीची दोन नावं बदला. या वाक्यात कंक आणि युधिष्ठिर ही एकाच गोष्टीची नावं उरलेलीच नाहीत.

उत्तर सुरेख आहे, पण ते गिळायला जड जातं. एकाच माणसाने एकाच श्वासात म्हटलं, 'विराटाला वाटलं की कंक ब्राह्मण आहे, पण तो क्षत्रिय होता', तर त्यातला 'तो' कोण? फ्रेगच्या हिशेबाने पहिल्या भागात कंक हे रूप आहे. आणि रूप काही क्षत्रिय असत नाही. क्षत्रिय असतो माणूस. बोलणाऱ्याला मात्र दोन्हीकडे एकच माणूस अभिप्रेत आहे, आणि ऐकणाऱ्यालाही तसंच कळतं.

इथे एक घाई टाळायला हवी. नियम मोडला असं म्हणण्याआधी नेमका कोणता नियम मोडला हे विचारलं पाहिजे, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरत आल्या आहेत. एक गोष्ट वस्तूंविषयी आहे : अ आणि ब ही एकच वस्तू असेल, तर अ चा प्रत्येक गुण ब चा गुण असणारच. दुसरी वाक्यांविषयी आहे : अ आणि ब एकच असतील, तर वाक्यात एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला तरी सत्य टिकतं. पहिलीतून दुसरी आपोआप निघते असं वाटतं, पण ती निघत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड कार्टराइट याने १९७१ सालच्या लेखात हा फरक स्वच्छपणे मांडला.

त्यासाठी समजुतीच्या वाक्यांकडेही जावं लागत नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. म्हणून असं म्हणता येतं : बालकवींना हे नाव त्यांच्या कोवळ्या वयामुळे पडलं. आता नाव बदलू. ठोंबरे यांना हे नाव त्यांच्या कोवळ्या वयामुळे पडलं. वाक्य खोटं झालं. ठोंबरे हे नाव घराण्याचं आहे, वयाशी त्याचा संबंध नाही. यावरून ठोंबरे आणि बालकवी ही दोन माणसं होती, असा निष्कर्ष कोणी काढेल काय? वस्तूंविषयीचा नियम इथे जागचा हललेलाही नाही. वाक्यात 'हे नाव' असे शब्द आहेत, ते शेजारच्या नावाकडेच बोट दाखवतात. म्हणून नाव बदललं की वाक्य वेगळ्याच गोष्टीविषयी बोलू लागतं. अमेरिकेच्याच विलार्ड क्वाइन याने जॉर्जोने या इटालियन चित्रकाराच्या नावावरून असंच उदाहरण दिलं होतं. ज्या वाक्यात नाव वस्तू दाखवण्याखेरीज आणखी काही काम करत असतं, तिथे त्याची अदलाबदल बिनधोक नसते.

समजुतीच्या वाक्यांत हेच घडतं, फक्त जास्त लपून. 'विराटाला वाटतं की' या चौकटीत नाव माणूस तर दाखवतंच, शिवाय विराटाची त्या माणसाशी कोणत्या वाटेने ओळख आहे, याचीही खूण देतं. नियम फसल्याचं जे दिसतं, ते या दुसऱ्या कामामुळे.

याची खात्री एका सोप्या प्रयोगाने पटते. नाव त्या चौकटीबाहेर काढून पाहावं. युधिष्ठिराबद्दल विराटाचा असा समज होता की हा द्यूतात निष्णात ब्राह्मण आहे. आता वाक्य खटकत नाही. ते खरं आहे, आणि ज्याला गोष्ट माहीत आहे तो याच शब्दांत ती सांगेल. 'बद्दल' म्हणून बाहेर आलेलं नाव फक्त माणूस दाखवतं, राजाच्या मनातलं रूप सांगत नाही, आणि म्हणून तिथे कंकाच्या जागी युधिष्ठिर बिनदिक्कत ठेवता येतो. क्वाइनने १९५६ साली समजुतीच्या वाक्यांचे हे दोन अर्थ वेगळे काढून दाखवले. मराठीत तर वाक्यरचनाच ते वेगळे करते.

पण प्रत्येक वेळी ती करतेच असं नाही, आणि तिथे घोटाळे होतात. 'अर्जुनाला आपल्या थोरल्या भावाला मारायचं होतं.' हे खरं की खोटं? कर्ण हा कुंतीचा पहिला मुलगा, हे युद्ध संपेपर्यंत पांडवांना माहीत नव्हतं. कुंतीने ते तर्पणाच्या वेळी सांगितलं. ज्याला मारायचं अर्जुनाच्या मनात होतं तो त्याचा थोरला भाऊ होता, या अर्थाने वाक्य खरं आहे. 'मी माझ्या थोरल्या भावाला मारीन' असं अर्जुनाच्या मनात होतं, या अर्थाने ते साफ खोटं आहे. वाक्य तेच, शब्द तेच. अर्जुनाला भ्रातृहत्येचा हेतू चिकटवायचा की नाही, हे कोणता अर्थ घेतला त्यावर ठरतं. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत आणि कोर्टातल्या उलटतपासणीत या दोन अर्थांमधली सरमिसळ वारंवार होते. म्हणून एखाद्याचा हेतू सांगणारं वाक्य समोर आलं, की त्यातली वर्णनं त्या माणसाची स्वतःची आहेत की सांगणाऱ्याने मागाहून घातलेली, हे आधी विचारावं. तो माणूस स्वतः हे शब्द मान्य करील काय, ही त्याची परीक्षा.

इथवर सगळं जुळून येतंय असं वाटत असताना सोल क्रिप्के याने १९७९ साली एक कोडं घातलं आणि पुन्हा पंचाईत केली. इग्नात्सी पाडेरेव्स्की हा जगद्विख्यात पियानोवादक. १९१९ साली तोच पोलंडचा पंतप्रधान झाला. क्रिप्केच्या गोष्टीतला पीटर एकदा ऐकतो की पाडेरेव्स्की थोर वादक आहे, आणि अर्थातच त्याला वाटतं की पाडेरेव्स्कीला संगीताची उत्तम जाण आहे. पुढे वेगळ्या लोकांच्या तोंडून तो पाडेरेव्स्की नावाच्या राजकीय पुढाऱ्याबद्दल ऐकतो. पुढाऱ्यांना संगीताचं काही कळत नाही अशी पीटरची पक्की धारणा आहे. म्हणून एकाच नावाची ही दोन माणसं असणार असं तो धरून चालतो. तर मग पाडेरेव्स्कीला संगीताची जाण आहे, असं पीटरला वाटतं की नाही?

'वाटतं' म्हणावं तर तो पुढाऱ्याबद्दल उलट सांगतो. 'नाही' म्हणावं तर तो वादकाबद्दल ठामपणे हो म्हणतो. दोन्ही म्हणावं तर पीटरवर विसंगतीचा आरोप येतो, आणि त्या बिचाऱ्याने तर्काची कोणतीच चूक केलेली नाही. त्याला एक माहिती नव्हती इतकंच. मुख्य म्हणजे इथे कोणत्याही नावाच्या जागी दुसरं नाव ठेवलेलं नाही. नाव एकच आहे. तरी जी अडचण कंक आणि युधिष्ठिराच्या वेळी आली, तीच इथेही आली. क्रिप्केचा निष्कर्ष असा की या गोंधळाचं खापर अदलाबदलीच्या नियमावर फोडणं घाईचं आहे. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे 'त्याला वाटतं की' असं म्हणून आपल्या शब्दांत सांगण्याची आपली जी रोजची पद्धत आहे, तीच काही ठिकाणी कोलमडते.

काही जण याहूनही पुढे गेले. अमेरिकन तत्त्वज्ञ नेथन सॅमन याने १९८६ सालच्या पुस्तकात असं मांडलं की अदलाबदल समजुतीच्या वाक्यातही चालते. युधिष्ठिर ब्राह्मण आहे असं विराटाला खरोखरच वाटत होतं, असं या मताप्रमाणे म्हणावं लागतं; ते वाक्य चुकीचं वाटतं, कारण त्यातून ऐकणाऱ्याला भलतंच काही सुचवलं जातं. या मतात नियम सर्वत्र शाबूत राहतो, हे त्याचं बळ. पण त्यासाठी द्यावी लागणारी किंमत फार आहे. माणसाच्या समजुती आपण सांगतो त्या तो पुढे काय करील हे कळावं म्हणून. विराट कंकावर फासा का फेकू धजला, हे समजायला त्याला हा माणूस कोणत्या रूपात माहीत होता हेच सांगावं लागतं. ते रूप वाक्याच्या अर्थातून वगळलं, तर राजाचं वागणं समजण्याची वाटच बंद होते.

या साऱ्या भेदाभेदाचा उपयोग काय, याचं ठसठशीत उदाहरण तत्त्वज्ञानाच्या इतिहासातच आहे. देकार्तने १६३७ सालच्या ग्रंथात असा विचार मांडला : मला शरीर आहे याविषयी मी शंका घेऊ शकतो, पण मी आहे याविषयी शंका घेऊ शकत नाही, म्हणून मी म्हणजे माझं शरीर नव्हे. मांडणी लायब्निझच्या नियमाचीच आहे : एकाला जो गुण आहे तो दुसऱ्याला नाही, तेव्हा ती दोन वेगळी. पण 'ज्याविषयी मला शंका येते' हा वस्तूचा गुणच नव्हे. तो शंका घेणाऱ्याच्या माहितीचा भाग आहे. याच चालीने विराटालाही सिद्ध करता आलं असतं की कंक हा युधिष्ठिर नव्हे : कंक माझ्या शेजारी बसला आहे याविषयी मला शंका नाही, युधिष्ठिर कुठे आहे याविषयी आहे, म्हणून दोघे वेगळे.

हे दुखणं आंत्वान आर्नो या तरुण फ्रेंच धर्मपंडिताच्या लगेच लक्षात आलं. देकार्तच्या १६४१ सालच्या पुढच्या ग्रंथाला जोडून छापलेल्या आक्षेपांत त्याने काटकोन त्रिकोणाचं उदाहरण घेतलं. अर्धवर्तुळात काढलेला त्रिकोण काटकोन असतो हे एखाद्याला पक्कं ठाऊक असेल, आणि कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो याविषयी मात्र त्याला शंका असेल. म्हणून तो गुण त्या त्रिकोणाचा नाही असं ठरत नाही. आपण फक्त शंकेवर भिस्त ठेवलेली नाही, असं उत्तर देकार्तने दिलं आणि दुसऱ्या कारणांचा आधार घेतला.

आजही हाच युक्तिवाद नव्या वेषात भेटतो. माझी वेदना मला थेट जाणवते, मेंदूतल्या पेशींबद्दल मला काहीच जाणवत नाही, म्हणून वेदना म्हणजे मेंदूतली घडामोड असूच शकत नाही, असं भाषणांत आणि पुस्तकांत सांगितलं जातं. निष्कर्ष खरा असेल किंवा खोटा असेल; त्याचा निवाडा वेदनेचा आणि मेंदूचा अभ्यास करूनच लावावा लागेल. 'मला जाणवतं' आणि 'मला जाणवत नाही' या दोन वाक्यांच्या आधारावर मात्र तो उभा राहत नाही.